पाच माड कमी

मालवणपासून देवगडपर्यंत कुठल्याही बागायतदाराच्या ओसरीवर बसा, चहा येण्याच्या आधी तक्रार येते. "दर वाढवून दिलंय, तर ह्यांनी काम कमी केला. आधी दिवसाक वीस माड चढायचो, आता पंधरा झाले की कोयतो गुंडाळता आणि घराक." मग एक सुस्कारा, आणि मग ठरलेला निष्कर्ष: कोकणातला गडी आळशी, त्याच्या हातात पैसा देऊन उपयोग नाही, दर वाढवलात तर नुकसान तुमचंच.

ह्यातली तक्रार बऱ्याचदा खरी असते. निष्कर्ष साफ खोटा असतो. ह्या आठवड्यात ह्या दोहोंमधल्या जागेतच थांबायचं आहे, कारण त्या जागेत माणसाची मजुरी अडकलेली आहे.

माडावर चढणाऱ्याचं काम एकदा जवळून बघा. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, चाळीस-पन्नास फूट सरळ खोड. पावसाळ्यात खोड शेवाळलेलं, उन्हाळ्यात तापलेलं. वर पोचल्यावर एका हाताने झावळीच्या बुंध्याला धरून दुसऱ्या हाताने सुकी चुडतं साफ करायची, पोय सांभाळायची, कुठला नारळ तयार आहे ते बघायचं, आणि देठावर बरोबर घाव घालायचा. झावळी आतून कुजलेली असेल तर ती हातात येते आणि माणूस खाली जातो. एवढं करून उतरायचं आणि शेजारच्या माडाला परत पहिल्यापासून सुरुवात. मजुरी दिवसावर नाही, माडावर. जितके माड, तितके पैसे. म्हणून हे उदाहरण मला आवडतं: इथे किती काम करायचं ते मुकादम ठरवत नाही, भोंगा ठरवत नाही, चढणारा स्वतः ठरवतो.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावात दर वेगळा असेल. माडामागे ५० रुपये दर होता तेव्हा गडी वीस माड चढायचा आणि हजार रुपये घेऊन जायचा. दर ८० झाला. तो आता पंधरा माड चढतो आणि बाराशे नेतो. बागायतदाराला दिसतात ते न चढलेले पाच माड. गड्याला दिसतात दोन गोष्टी: घरात दोनशे रुपये जास्त गेले, आणि उन्हाचे दोन तास अंगावरून टळले. त्याने पगारवाढ वाया घालवली नाही. त्याने तिचे दोन भाग केले. एका भागाचे पैसे घेतले, दुसऱ्या भागाची विश्रांती घेतली. विश्रांती ही बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही वस्तूसारखीच हवीहवीशी वस्तू आहे आणि खिशात चार पैसे आले की माणूस ती जास्त घेतो. बागायतदारसुद्धा घेतात. मालवणच्या बाजारात दुपारी दुकानाच्या फळ्या लागतात तेव्हा आतला शेटजी काही हिशेब लिहीत बसलेला नसतो, आणि त्याला कोणी आळशी म्हणत नाही. म्हणूही नये.

अर्थशास्त्रात ह्याला मागे वळणारा श्रमपुरवठा वक्र म्हणतात. बारावीच्या पुस्तकात पुरवठ्याच्या नियमाचे अपवाद शिकवताना कामगाराचं उदाहरण येतं ते हेच. दर वाढला की पुरवठा वाढतो, हा नियम. मजुरी एका मर्यादेपलीकडे गेली की कामाचे तास उलट कमी होतात, हा अपवाद. मुलं आकृती पाठ करतात, तीन गुण मिळवतात आणि पुढे जातात. त्या आकृतीत आपल्या गावचा माणूस उभा आहे हे कोणी सांगत नाही.

आकृती वळते कशामुळे? दर वाढला की गड्याला एकाच वेळी दोन ओढी लागतात. पहिली ओढ कामाकडे: आता एक माड सोडला तर ५० नाही, ८० रुपये बुडतात, म्हणजे आराम महाग झाला. ह्याला पर्यायता परिणाम म्हणतात. दुसरी ओढ घराकडे: आधीच्याच वीस माडांत आता सोळाशे होतात, म्हणजे तो सहाशे रुपयांनी श्रीमंत झाला आणि श्रीमंत माणसाला आराम परवडतो. हा उत्पन्न परिणाम. पहिली ओढ जोरात असली तर काम वाढतं, दुसरी जोरात असली तर कमी होतं. दर अगदी कमी असतो तेव्हा बहुधा पहिली जिंकते, कारण घरात अजून पुष्कळ काही लागत असतं. पोट भरलं, शाळेची फी गेली, घरावर पत्रे चढले, की दुसरी जोर धरते.

ह्या दोन ओढी कागदावरच वेगळ्या होतात असं कोणी म्हणेल. तसं नाही, वाडीतही वेगळ्या करता येतात. समजा बागायतदाराने दर सरसकट न वाढवता असं सांगितलं: पहिल्या वीस माडांना ५० च, विसाच्या पुढच्या प्रत्येक माडाला ८०. आता गड्याचे आधीचे हजार रुपये हजारच राहिले, फुकटचे सहाशे खिशात पडले नाहीत. पण एकविसावा माड ८० चा झाला. दुसरी ओढ जवळजवळ गेली, पहिली तेवढी उरली. समजा तो तेवीस माड चढला. हजार अधिक दोनशे चाळीस, बाराशे चाळीस घेऊन गेला. शेवटच्या माडाचा दर दोन्हीकडे ८० च आहे. एकीकडे तेवीस माड, दुसरीकडे पंधरा. वीसवरून तेवीसवर नेलं ते दराच्या ओढीने. तेविसावरून पंधरावर आणलं ते खिशातल्या सहाशे रुपयांनी. कारखान्यातला ओव्हरटाइम ह्याच तत्त्वावर चालतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरलेल्या तासांच्या पुढे दुप्पट दर ठेवला तो मालकाने जास्त वेळ राबवताना दहादा विचार करावा म्हणून. पण कामगाराच्या बाजूने बघितलं तर तोच दुप्पट दर त्याला मशीनपाशी थांबवून धरतो, कारण तो फक्त शेवटच्या तासांना लागू आहे.

बागायतदार हे वाचून खूश होतील. तेवीस माड, चाळीसच रुपये जास्त! थांबा. विसावा माड उतरलेल्या माणसाच्या पोटऱ्या थरथरत असतात. त्याला त्या थकव्यात वर पाठवण्यासाठी शेवटच्या माडांवर जास्त पैसे लावणं म्हणजे तो पडण्याची शक्यता विकत घेणं आहे, आणि पडला तर दवाखान्याचं बिल कोणाच्या घरी जातं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पंधराव्या माडाला थांबणारा माणूस आपलं शरीर ओळखतो.

आता ह्याच आकृतीचं दुसरं टोक बघा, कारण खरी बोच तिथे आहे. "आमच्या वडिलांच्या वेळी माणसा दिवसाक तीस माड चढत," असं म्हातारे सांगतात आणि डोळे भरून येतात. चढत असतील. तीस माड चढावे लागत, कारण वीस माडांत घर चालत नव्हतं. मागे वळणारा वक्र वरून खाली वाचा: वळलेल्या भागात दर जसा उतरतो तसं काम वाढत जातं. आणि पोटच भरेनासं झालं की दोन्ही ओढी बाजूला पडतात: दर अर्धा केला तर उपाशी माणूस दुप्पट चढेल, दिवेलागणीपर्यंत चढेल, ताप अंगात असताना चढेल. ज्याला आपण जुन्या पिढीचा कामसूपणा म्हणतो त्याचा मोठा भाग त्या पिढीची गरिबी होती. तिचं कौतुक करणारे ती परत यावी असं म्हणत असतील, तर त्यांनी तसं सरळ म्हणावं.

आणि असं सरळ म्हणणारे होऊन गेले आहेत. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, प्रॉटेस्टंट धर्मनीती आणि भांडवलशाही या विषयावरच्या, हाच हिशेब कापणी करणाऱ्या मजुराचा मांडला आहे. जमिनीच्या एका मापाला एक मार्क दर होता तेव्हा तो अडीच मापं कापून अडीच मार्क मिळवायचा. मालकाने कापणी लवकर उरकावी म्हणून दर सव्वा मार्क केला. वाटलं, आता तीन मापं कापेल आणि पावणेचार मार्क नेईल. त्याने दोनच मापं कापली आणि त्याचे अडीच मार्क घेऊन घरी गेला. वेबर पुढे हेही नोंदवतात की ह्यावरून मालकांनी शतकानुशतकं एक धडा काढला: मजुरी वाढवून काम वाढत नाही, तर कमी करून बघा, माणसं गरीब आहेत तोवरच राबतात. युरोपातल्या मालकांनी तो वापरला, आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या वसाहतींत गोऱ्या मळेवाल्यांनी वापरला. स्थानिक माणसाच्या गरजा थोड्या, म्हणून त्याला जास्त देऊ नका. त्या वाक्याचं मालवणी रूप आजही ओसरीवर ऐकू येतं.

वेबरच्या मजुरात आणि आमच्या माडकऱ्यात एक फरक आहे, आणि तो सोडून चालणार नाही. तो मजूर जुन्या कमाईवर अडला. अडीच मार्क झाले, संपलं. आमचा गडी बाराशे नेतो, हजारावर अडत नाही. म्हणजे त्याच्या गरजा गोठलेल्या नाहीत. त्याला पैसाही जास्त हवा आहे आणि वेळही. दर वाढल्यावर दोन्ही थोडं थोडं वाढणं हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे.

मळेवाल्यांच्या त्या धड्याचं खंडन १९६१ मध्ये एलियट बर्ग ह्या अर्थशास्त्रज्ञाने आफ्रिकेबद्दल लिहिताना केलं, आणि ते आपल्या वाडीला जसंच्या तसं लागू पडतं. एका माणसाचा वक्र मागे वळला म्हणून सगळ्या गावाचा वळत नाही. माडामागे ५० दर होता तेव्हा चढणारे धरा चारच होते, प्रत्येकी वीस, म्हणजे दिवसाला ऐंशी माड. दर ८० झाला तेव्हा ते चौघे पंधरा-पंधरावर आले. पण जो गवंड्याच्या हाताखाली जात होता तो परत आला, जो मुंबईहून शिमग्याला आला होता तो राहून गेला, एकाचा झील शिकायला लागला. सात जण झाले. साता पंधरा एकशे पाच. प्रत्येकाने काम कमी केलं आणि गावातलं काम वाढलं. बागायतदार आपल्या नेहमीच्या एका गड्याकडे बघतो, म्हणून त्याला घट दिसते. त्याने नाक्यावर उभं राहून मोजावं.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो मला समुद्राने शिकवला. मागे वळणारा वक्र खरा असेल, तर बांगडा किनाऱ्याला लागला त्या दिवशी रापणकार काय करतात? त्या दिवशी कमाई सगळ्यात जास्त. मग त्यांनी लवकर घरी जायला हवं. प्रत्यक्षात उलट होतं. होडी जाळं टाकत वळसा घालून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि वाडीतलं प्रत्येक माणूस, बाया, पोरं, शाळेत जायला निघालेलीसुद्धा, दोराला लागतात. पाठ वाकडी होईपर्यंत ओढतात. एक ओढणी झाली की लगेच दुसरी. त्या दिवशी कोणी म्हणत नाही की बस झालं.

कारण ती वाढ आजची आहे. उद्या मासा नसेल. जून-जुलैमध्ये तर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदच असते आणि समुद्रही कोणाला आत घेत नाही. जो आराम आज सोडला तो उद्या स्वस्तात मिळणार आहे. एका दिवसाच्या चांगल्या दराने माणूस आयुष्यभराचा श्रीमंत होत नाही, म्हणून उत्पन्नाची ओढ किरकोळ राहते आणि कामाची ओढ जिंकते. दर कायमचा वाढला की गोष्ट बदलते. मग आज, उद्या आणि परवा सारखेच, आणि माणूस आयुष्यच थोडं सैल करून घेतो. हा फरक न ओळखता केलेली तुलना फुकट. "मे महिन्यात आंब्याच्या घाईत हेच लोक रात्री अकरापर्यंत पेट्या भरतात, मग ऑगस्टमध्ये काय होतं ह्यांना?" असं विचारणाऱ्याने हंगामाचा दर आणि बारमाही दर एकाच पारड्यात टाकलेले असतात.

मासेमारांवर ह्याचा चांगला अभ्यास झालेला आहे. झावियर जिने आणि त्यांच्या दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातल्या २४९ बोटमालकांच्या सात वर्षांच्या रोजच्या नोंदी तपासल्या: कोण कुठल्या दिवशी समुद्रात गेला, कोण किनाऱ्यावर राहिला. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निष्कर्ष दुहेरी आहे. ज्या दिवशी कमाई जास्त व्हायची अपेक्षा, त्या दिवशी बोटी जास्त निघतात. अपेक्षित कमाई दहा टक्के वाढली तर समुद्रात जाण्याचं प्रमाण आठ ते तेरा टक्के वाढतं. म्हणजे ऐन माशाच्या दिवशी मासेमार आळसावतो हा आरोप मोडीत निघतो. पण त्याच नोंदींत दुसरीही गोष्ट सापडली: नुकतीच कमाई चांगली झालेली असेल, तर बाहेर पडण्याचा जोर थोडा उतरतो. म्हणजे दोन्ही ओढी तिथे आहेत, आणि एकाच माणसात, एकाच आठवड्यात.

म्हणून "कामाक येणा नाय" असं कोणी म्हणालं, की मी आधी विचारते: कुठल्या कामाला? गड्याचे तुमच्या बागेतले तास कमी झाले म्हणजे त्याचे सगळे तास कमी झाले असं होत नाही. तारकर्लीला, देवबागला पर्यटक येऊ लागल्यापासून ऑक्टोबर ते मे ह्या महिन्यांत कितीतरी हात बोटींवर, खोल्यांवर, स्वयंपाकघरांत गेले. सकाळी पंधरा माड चढून दुपारी जो माणूस पर्यटकांची होडी हाकतो तो आराम करत नाही, तो दुसऱ्याकडे काम करतो. त्याचा वक्र मागे वळलेला नाही. तुमच्यापेक्षा दुसऱ्याने जास्त दिलं, एवढंच. पावसाच्या सुरुवातीला जो येत नाही तो स्वतःच्या कुणग्यात चिखल तुडवत असतो. खरोखरच वक्र वळला आहे का हे बघायचं, तर सगळ्या कामांचे तास एकत्र मोजावे लागतात, लावणीचे आणि होडीचे धरून. एका बागेच्या वहीतून ते कळत नाही.

त्याहून मोठी चूक घरातल्या बाईबद्दल होते. नवऱ्याचा दर वाढला की पुष्कळ घरांत बाई दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जाणं सोडते. उत्पन्न परिणामाचं हे अगदी स्पष्ट उदाहरण, कारण तिची स्वतःची मजुरी तीच आहे, फक्त घरात पैसा जास्त आला. आकृतीत तिचे सुटलेले तास 'आराम' ह्या खात्यावर टाकले जातात. मग ती काय करते ते बघा: गुरं, पाणी, चूल, सासूचं आजारपण, अंगणातल्या काजूबिया, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांची उठबस. जे काम पगाराशिवाय केलं ते आकृतीने आराम म्हणून लिहिलं. ही आकृतीतली चूक आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय कोकणातल्या बायकांनी काम सोडलं असं कोणी म्हणू नये.

चाकरमान्यांची गोष्ट निघालीच आहे तर मनीऑर्डरची सांगते. आपल्या जिल्ह्याने किती पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर काढल्या. तो पैसा गावातल्या माणसाला काम न करता मिळत होता, त्यात पहिली ओढ अजिबात नाही, फक्त दुसरी. म्हातारा बाप दहा रुपयांसाठी परक्याच्या बांधावर जाईनासा झाला. शेजारचा खोत किंवा बागायतदार त्याला तेव्हाही माजलाय म्हणत होता. मुलाने गिरणीत रात्रपाळी करून बापाच्या म्हातारपणाची दुपार घेतली होती.

आणि त्या गिरण्यांचं काय? मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्यांचा भरणा फार मोठा होता, आणि १९८१ पर्यंत मालवण त्याच जिल्ह्यात होतं. गिरणीमालकांची तक्रार आजच्या बागायतदारासारखीच: हे लोक गैरहजर राहतात, लावणीला पळतात, शिमग्याला पळतात, चार पैसे साठले की गावी जातात. पण त्या कामगारांनी स्वतः काय मागितलं होतं ते इतिहासात नोंदलेलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याची सोय. पगारवाढ त्यात नव्हती. हातात जेमतेम पैसे असलेल्या माणसांनी सगळ्यात आधी वेळ मागितला. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. आज बागायतदाराची नातवंडं रविवारी मुंबईत उशिरा उठतात ती त्या सह्यांमुळे.

पुढचं दीड शतक ह्याच वाटेने गेलं. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकात कारखान्यातला आठवडा साठ तासांच्या पुढे होता, तो चाळिसाच्या आसपास आला, आणि त्याच काळात मजुरी कित्येक पटींनी वाढली. कायद्याने आणि संपांनी ही मोकळीक मिळवून दिली, पण पगार वाढल्याशिवाय ती कोणाला परवडली नसती. आपल्याकडे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २०१९ मध्ये सातवा वेतन आयोग लागू झाला आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा. रोजचा वेळ पंचेचाळीस मिनिटांनी वाढवला हे खरं, पण दर शनिवार मोकळा झाला. कोणी म्हटलं नाही की बाबूंचा पगार वाढवला आणि ते आळशी झाले म्हणून पगार परत खाली आणा. ज्याची रजा शासन निर्णयावर छापली जाते त्याला विश्रांती, आणि जो आपली विश्रांती माडाखाली उभं राहून स्वतः ठरवतो त्याला आळस. ही दुटप्पी मोजणी मला सहन होत नाही.

एका दुपारी अशा एका माडकऱ्याला बागायतदारासमोर ऐकलं होतं. "काकानू, दर वाढयलात, बरा केलात. माका आता दुपारनंतर चढूचा लागणा नाय. चेडवाची शाळा सुटता तेव्हा मी घराक असतंय." बागायतदार माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत?" मी बघितलं. आठवड्याचे सहा दिवस जी मुलगी बाप थकून झोपलेला बघायची तिला तो आता जागा दिसतो. ह्याची किंमत त्याने पाच माड अशी लावली आहे आणि ते पाच माड त्याचे होते.

बागायतदाराची अडचण खोटी नाही. चतुर्थीच्या आधी नारळ उतरायला हवेत, बाजार त्याच आठवड्यात असतो, उरलेले पाच माड कोण काढणार? उत्तर त्या गड्याच्या दुपारीत नाही. ८० चा दर एका माणसापुरता न ठेवता सगळ्यांना सांगितला, की दुसरा चढणारा येतो. वर त्याचं उदाहरण दिलंच आहे. चढायचं यंत्र घेऊन दिलं तर थकवा कमी होतो आणि पंधराचे सतरा आपसूक होतात, कारण आता प्रत्येक माड स्वस्तात पडतो, शरीराच्या हिशेबाने. नारळ विकास मंडळाने त्या यंत्रावरचं प्रशिक्षण २०११ पासून सुरू केलं आहे आणि माडावर चढणाऱ्यांसाठी अपघात विम्याची योजनाही आहे. विम्याचा हप्ता बागायतदाराने भरावा. चतुर्थीच्या आठवड्यापुरता वेगळा, चढा दर जाहीर करावा आणि तो त्याच आठवड्यापुरता आहे हे आधी सांगावं. रापणीच्या दिवसासारखी माणसं त्या दराला धावतात. आणि बारमाही दर ८० चाच ठेवावा.